गाढ झोप नव्हती ती: हुर्राक, झोपेची गोळी आणि कंबरदुखीची गोळी एकत्र आल्याचं एक प्रकरण

उत्तर गोव्यातल्या एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत मी काम करतो. हे प्रकरण एप्रिल महिन्यातलं आहे. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत; वेळा, मात्रा आणि तपासण्यांचे आकडे मात्र आहेत तसेच ठेवले आहेत. रुग्णाला मी इथे ‘काका’ म्हणेन, कारण वॉर्डात सगळे त्यांना तसंच म्हणत होते.

पार्श्वभूमी

काका ६१ वर्षांचे, सत्तरी तालुक्यात राहणारे, नोकरीतून निवृत्त. घरी मुलगा, सून आणि शाळेत जाणारा नातू. दोन वर्षांपूर्वी काकी गेल्या आणि काकांची झोप उडाली. पुढे एका डॉक्टरांनी क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅमची एक गोळी रात्री घ्यायला दिली. ती काही आठवड्यांसाठी होती, पण चिठ्ठी पुन्हा पुन्हा दाखवून चालू राहिली. घटनेच्या वेळी त्यांना ती गोळी रोज घेत दीड वर्ष झालं होतं.

काका अंगाने जाड, मान आखूड. ते जोरात घोरतात हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर थट्टाही चालायची. त्याला कुणी आजार मानलं नव्हतं.

घटनेच्या चार दिवस आधी काजूचे बोंडू वेचताना त्यांची कंबर धरली. वाटेवरच्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पाच दिवसांसाठी ट्रॅमाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम अशी एकत्रित गोळी दिली, सकाळी एक, रात्री एक. ‘दुसरी कुठली गोळी चालू आहे का?’ असं त्यांनी विचारलं होतं. काकांनी ‘प्रेशर नाही, शुगर नाही’ असं उत्तर दिलं. झोपेची गोळी त्यांच्या लेखी औषधात मोडत नव्हती. दारूबद्दल विचारलं तेव्हा ‘कधीतरी’ म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. काका वर्षभर जवळजवळ पीत नाहीत. हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या बोंडांच्या ताज्या दारूच्या, दिवसांत मात्र भावाच्या काजूच्या भट्टीवर चारचौघांबरोबर बसतात.

त्या रात्री काय घडलं

संध्याकाळी साडेसातला भट्टीवर बैठक सुरू झाली. ताजा हुर्राक, लिंबाचा सोडा, मीठ, चिरलेली हिरवी मिरची. आम्हाला आधी सांगण्यात आलं की काका ‘दोन-तीन ग्लास’ प्याले. पहाटे पुतण्याने बाजूला येऊन सांगितलं, ‘डॉक्टर, चार झाले. मीच भरत होतो.’

चार ग्लास म्हणजे किती, हे मोजून बघण्यासारखं आहे. हुर्राक हा पहिल्या धारेचा, फेणीपेक्षा सौम्य, म्हणून तो ‘हलका’ समजतात. त्यात मद्यार्क साधारण १५ टक्के आणि सोडा सोडून ग्लासात हुर्राक २०० मिलिलिटर धरला, तर एका ग्लासात सुमारे २४ ग्रॅम शुद्ध मद्यार्क येतो. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या एका पेगात साधारण २० ग्रॅम असतो. म्हणजे हुर्राकाचा एक ग्लास त्या पेगाहून थोडा जास्तच भरतो. चार ग्लासांचे झाले जवळपास ९६ ग्रॅम. शरीर तासाला ढोबळमानाने ७ ते १० ग्रॅम मद्यार्क जाळतं, त्याहून घाईने नाही.

सव्वादहाला जेवण झालं. पुतण्याने गाडीने घरी सोडलं. १० वाजून ५० मिनिटांनी काकांनी रोजच्यासारखी पाण्याबरोबर क्लोनाझेपाम घेतली आणि तिच्याबरोबर कंबरेची रात्रीची गोळीही. सव्वाअकराला ते झोपले होते.

साडेबाराला सून पाणी प्यायला उठली. घोरण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता आणि मध्येच पूर्ण थांबत होता. तिने नवऱ्याला उठवलं. तो म्हणाला, ‘बाबा घोरतातच गो. आज किती दिवसांनी गाढ झोपलेत, झोपू दे.’ ती परत अंथरुणावर पडली खरी, पण कान तिकडेच. वीस मिनिटांनी घोरण्याचा सूर बदलला. घशात पाणी अडकल्यासारखी गुरगुर येऊ लागली. तिने मोबाईलचा टॉर्च लावून तोंडाकडे बघितलं. ओठ काळपट-निळे दिसत होते. ‘बाबा, बाबा’ म्हणून खांदा हलवला, तर नुसता हुंकार आला आणि डोळे उघडले नाहीत.

मग तिने केलेल्या एका गोष्टीमुळे पुढचं सगळं शक्य झालं. घड्याळाकडे बघत तिने काकांच्या पोटावर हात ठेवला आणि अर्धा मिनिट श्वास मोजले. तीन आले, म्हणजे मिनिटाला सहा. शांत बसलेल्या निरोगी मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० असतात.

अडचण नेमकी काय होती

काकांनी कुठलंच औषध जास्त घेतलं नव्हतं. दोन्ही गोळ्या चिठ्ठीवर लिहिल्या तेवढ्याच घेतल्या होत्या. हुर्राकही दरवर्षीइतकाच. रुग्णालयात मोजलं तेव्हा रक्तात मद्यार्क १०० मिलिलिटरमागे १०८ मिलिग्रॅम होता. गाडी चालवण्याच्या ३० मिलिग्रॅमच्या कायदेशीर मर्यादेपेक्षा तो बराच जास्त, पण एरवी एवढ्याने मोठ्या माणसाचा श्वास बंद पडत नाही. ते सहसा याच्या तिप्पट-चौपटीला घडतं. मग श्वास सहावर कसा आला?

झोपेत श्वास चालू राहतो तो तीन गोष्टींच्या भरवशावर. मेंदूच्या देठात श्वासाचा ठेका धरणारा पेशींचा पुंजका असतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की ‘जोरात श्वास घे’ असं बजावणारी यंत्रणा असते. आणि जीभ व घसा यांचे स्नायू वाट उघडी ठेवतात; वाट बंद झाली तर माणूस अर्धवट जागा होऊन कूस बदलतो.

ट्रॅमाडॉल अफूच्या जातीचं औषध आहे. ते ठेका मंद करतं आणि कार्बन डायऑक्साइडची सूचना बोथट करतं. क्लोनाझेपाम मेंदूतल्या ‘गाबा’ या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतं. पण ते गाबाच्या आधारानेच काम करतं, त्यामुळे एकट्याच्या बळावर त्याचा परिणाम एका हद्दीपुढे सहसा जात नाही. म्हणूनच नुसत्या या गोळ्यांनी श्वास थांबल्याची प्रकरणं कमी दिसतात. दारू ही हद्द मोडते. ती गाबाचं काम आणखी वाढवते, शिवाय मेंदूला जागं ठेवणाऱ्या ग्लुटामेट या रसायनाला दाबते. म्हणजे ब्रेक दाबला जातो आणि त्याच वेळी ॲक्सिलरेटरही सुटतो. तिन्हींचा मिळून घशाच्या स्नायूंवर आणि जागं होण्यावर परिणाम होतो तो वेगळाच. काकांचा घसा तर मुळातच अरुंद होता.

केवळ समजण्यासाठी एक हिशोब मांडतो, हे मोजलेले आकडे नव्हेत. समजा प्रत्येक पदार्थ एकटा असताना श्वासाची ताकद ७० टक्के शिल्लक ठेवतो. माणूस तेवढ्यावर रात्र काढतो आणि कुणाला काही कळत नाही. तिन्ही एकत्र आले तर ७० टक्क्यांचे ७० टक्के आणि त्याचे पुन्हा ७० टक्के, म्हणजे जेमतेम ३४ उरतात. एक वजा झाला की दुसऱ्याने भरून काढायची जी सोय शरीरात असते, तीच इथे एकाच वेळी सगळीकडून काढून घेतली जाते.

आता वेळेकडे बघा. भरल्या पोटी घेतलेला शेवटचा ग्लास रक्तात पूर्ण चढायला तास-दीड तास लागू शकतो. ट्रॅमाडॉलचा जोर साधारण दोन तासांनी सर्वाधिक असतो, क्लोनाझेपामचा एक ते चार तासांनी. दहा-अकराच्या सुमाराची ही तिन्ही घेणी मध्यरात्री ते एकच्या दरम्यान एकत्र येतात. तेव्हा घर झोपलेलं असतं. जेवताना काका ‘एकदम नॉर्मल’ होते असं सगळे सांगत होते, आणि ते खरंच होतं.

समोरचे पर्याय

बारा वाजून पन्नास मिनिटांनी घरच्यांपुढे तीन वाटा होत्या. एक, झोपेत उतरू द्यायचं. दुसरी, तोंडावर पाणी मारून, लिंबूपाणी किंवा कडक कॉफी पाजून उठवायचं. शेजारचे तेच सुचवत होते. तिसरी, मदत बोलवायची.

पहिल्या वाटेत दारू उतरायच्या आधी श्वास उतरतो. दुसरी आणखी घातक, कारण अर्धवट शुद्धीतल्या माणसाला गिळता येत नाही. पाजलेलं फुप्फुसात जातं. कॉफीने यातलं एकही औषध रक्तातून हटत नाही. सुनेने १०८ ला फोन केला. स्वतःच्या गाडीत घालून न्यावं असं मुलाचं म्हणणं होतं. रात्रीच्या रस्त्याला तो कदाचित दहा मिनिटं लवकरही पोहोचला असता. पण मागच्या सीटवर मान छातीवर पडलेला माणूस वाटेतच गुदमरतो, हा धोका त्या दहा मिनिटांपेक्षा मोठा होता. फोनवरच्या सूचनेप्रमाणे त्यांनी काकांना कुशीवर वळवलं, वरचा गुडघा पुढे घेतला, हनुवटी किंचित वर उचलून धरली. तेवढ्याने गुरगुर कमी झाली आणि श्वास आठवर आले.

रुग्णवाहिका सव्वाला आली. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ८४ आकडा होता. मास्कने ऑक्सिजन सुरू करून पावणेदोनला काका आमच्याकडे पोहोचले.

काय केलं

इथे माझी चूक सांगायला हवी. मॉनिटरवर ऑक्सिजन ९७ दिसला. मी सुटकेचा श्वास सोडला आणि केसपेपर लिहायला वळलो. ड्युटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, ‘डॉक्टर, आकडा चांगला आहे, पण छाती हलत नाहीये.’ त्यांनी मोजले होते, मिनिटाला सहा.

ऑक्सिमीटर फक्त रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगतो. हवा आत-बाहेर किती होते आहे ते सांगत नाही. साध्या हवेवर श्वास मंदावला की आकडा पडतो आणि आपण सावध होतो. मास्क लावला की थोड्याशा श्वासातही भरपूर ऑक्सिजन आत जातो, आकडा वर राहतो. पण बाहेर पडायचा कार्बन डायऑक्साइड आतच साचत जातो, आणि तो साचला की गुंगी आणखी वाढते. रक्तवायूंच्या तपासणीत त्याचा दाब ६४ आला, तो ३५ ते ४५ असायला हवा. पीएच ७.२१ होता, म्हणजे रक्त आम्ल झालेलं. मॉनिटरवर ९७ आणि रक्तात ही अवस्था.

मग जबडा पुढे ओढून वाट उघडली आणि हाताने दाबून हवा भरायच्या अंबू बॅगने दर पाच-सहा सेकंदांना श्वास देऊ लागलो. रक्तातली साखर ९४ होती. ती आधी बघितली, कारण दारूने साखर पडूनही माणूस असाच पडून राहतो. डोक्यावर मार नव्हता, तरी नंतर सीटी स्कॅन करून घेतला. दारूचा वास आला की डॉक्टरांचाही विचार तिथेच थांबतो, आणि त्यात डोक्यातला रक्तस्राव निसटल्याची उदाहरणं आहेत. स्कॅन ठीक निघाला.

उताऱ्याच्या औषधाचा निर्णय नाजूक होता. क्लोनाझेपामवर फ्लुमॅझेनिल हा उतारा आहे आणि मुलाने मोबाईलवर वाचून तो मागितलाही. मी नाही म्हटलं. दीड वर्ष रोज ही गोळी घेणाऱ्याच्या मेंदूला तिची सवय झालेली असते. ती एका झटक्यात काढली तर फिट येऊ शकते. त्यात ट्रॅमाडॉलनेही फिटची शक्यता वाढते. ज्याचा श्वास कसाबसा चालला आहे त्याला फिट आली तर हातातलं सगळं जातं.

ट्रॅमाडॉलवर नॅलोक्झोन चालतं, पण पूर्णपणे नाही, आणि दारू व क्लोनाझेपामवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होत्या, ही अफूच्या जातीच्या औषधाची खूण, म्हणून अंबू बॅग चालू ठेवूनच ०.१ मिलिग्रॅमची छोटी मात्रा शिरेतून दिली, तीन मिनिटांनी आणखी एक. श्वास ११ वर आला. मोठ्याने हाक मारल्यावर काका डोळे उघडू लागले, खोकला आला. ते पूर्ण जागे झाले नाहीत आणि मला तशी अपेक्षाही नव्हती. मला हवा होता तो श्वास. श्वासनलिकेत नळी घालायची तयारी उशाशी ठेवली होती, ती वापरावी लागली नाही. कुशीवर ठेवून, नाकातून एक मऊ नळी घालून, बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचं सतत मोजमाप सुरू केलं.

तीन वाजता श्वास पुन्हा आठवर घसरला. हे ठाऊक असलेलं वळण होतं. नॅलोक्झोनचा परिणाम अर्धा ते दीड तास टिकतो, ट्रॅमाडॉल त्यापेक्षा कितीतरी जास्त. पहिल्या मात्रेनंतर ‘बरे दिसतात’ म्हणून वॉर्डात हलवलं असतं तर ही घसरण अंधाऱ्या खोलीत कुणाच्या लक्षात न येता झाली असती. आणखी एक मात्रा दिली. पाचला कार्बन डायऑक्साइडचा दाब ४८ वर आला.

परिणाम

साडेसहाला काकांनी डोळे उघडून विचारलं, ‘मी खंय आसां?’ छातीच्या एक्स-रेमध्ये उलटी फुप्फुसात गेल्याची खूण नव्हती. आम्ही त्यांना पूर्ण २४ तास ठेवून घेतलं.

घरी जाताना दोन गोष्टी बदलल्या. ट्रॅमाडॉल बंद करून कंबरेसाठी साधं पॅरासिटामॉल आणि शेक. क्लोनाझेपाम मात्र त्या दिवशी बंद केलं नाही. घाबरून मुलाने पाकीट कचऱ्यात टाकलं होतं, ते नव्याने आणायला लावलं. इतके महिने चाललेली गोळी एकदम थांबवली तर झोप उडणं, थरथर, फिटसुद्धा येऊ शकते. ती मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली थोडी थोडी कमी करायची, आणि तोवर दारूचा थेंबही नाही, असं ठरलं.

कुठे वेगळं करता आलं असतं

कुटुंबाने आम्हाला विचारलेला पहिला प्रश्न होता: त्या रात्री गोळी घेतली नसती तर? कंबरेची गोळी टाळली असती तर धोका नक्की कमी झाला असता. प्यायल्यावर क्लोनाझेपामही टाळणं घेण्यापेक्षा बरं. एका रात्री झोप कमी लागली असती, एवढंच. पण ‘गोळी नाही घेतली, म्हणजे प्यायला मोकळा’ हा हिशोब चुकतो. क्लोनाझेपाम अर्धं उतरायलाच ३० ते ४० तास लागतात. रोज घेणाऱ्याच्या रक्तात कालची आणि परवाची गोळी असतेच. भट्टीवर पहिला ग्लास हातात घेताना काकांच्या अंगात ती होती, आणि सकाळची ट्रॅमाडॉलही थोडी उरलेली होती. निर्णयाची खरी वेळ साडेसातची होती, पावणेअकराची नव्हती.

दुसरी जागा डॉक्टरांच्या टेबलावरची. ‘दुसरी औषधं चालू आहेत का?’ या प्रश्नाला लोक प्रेशर-शुगरचं उत्तर देतात. मी आता ‘झोपेसाठी, टेन्शनसाठी, खोकल्यासाठी, खाजेसाठी काही घेता का?’ असं एकेक नाव घेऊन विचारतो, कारण कोडीनचं खोकल्याचं औषध आणि गुंगी आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्याही याच बेरजेत येतात. नसांच्या दुखण्यावरचं प्रीगॅबालिनसुद्धा. आणि ‘दारू घेता का?’ ऐवजी ‘पुढच्या आठवड्यात कुठे लग्न, जत्रा, बैठक आहे का?’ असं विचारतो. त्याला लोक खरं उत्तर देतात. घोरण्याबद्दलही विचारतो.

तिसरी जागा साडेबाराची. मुलाला मी दोष देत नाही; ज्या माणसाची झोप दोन वर्षं उडालेली होती तो घोरतोय, याचा कुणालाही आनंदच होईल. पण दारू आणि गोळी एकत्र झालेल्या माणसाचं नेहमीपेक्षा मोठं, अडखळणारं घोरणं म्हणजे अर्धी बंद झालेली श्वासाची वाट. त्याला हलवून उठवायचं. डोळे उघडून धड उत्तर दिलं नाही, किंवा श्वास मिनिटाला दहाच्या खाली मोजले गेले, तर ओठ निळे व्हायची वाट बघायची नाही. सुनेने पहिल्यांदा उठली तेव्हाच मोजले असते तर वीस मिनिटं वाचली असती, असं ती स्वतःच म्हणाली. मी तिला सांगितलं की बहुतेक घरांत कुणी मोजतच नाही.

आणि चौथी जागा माझी. आमच्या विभागात आता गुंगीतल्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर ऑक्सिजनच्या आकड्याशेजारी श्वासांचा आकडा लिहिल्याशिवाय सिस्टर पुढचं पान उलटू देत नाहीत. मशीनवर दिसणारा तो आकडा चालत नाही. छातीकडे बघून मोजलेलाच हवा.

जूनमध्ये काका दाखवायला आले. झोपेच्या तपासणीत त्यांना स्लीप ॲप्निया निघाला होता, म्हणजे दारू-गोळीशिवायही रात्री त्यांचा श्वास वारंवार अडत होता. आता ते रात्री मशीनचा मास्क लावून झोपतात, आणि क्लोनाझेपाम अर्ध्या गोळीवर आली आहे. जाताना त्यांनी दारातून विचारलं, ‘पुढच्या सीझनाला एक ग्लास चालेल?’ सून मागे उभी होती, तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, अर्धी गोळी पूर्ण सुटली, तीन महिने मास्कशी जमलं, की तेव्हा मला येऊन भेटा. तोवर भट्टीवर जा, गप्पा मारा, आणि ग्लासात नुसता सोडा भरायला पुतण्याला सांगा.